सुपरवायझर झाली म्हणजे नेमकं काय झालं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण दहावी झालो 1998 ला. तेव्हा सेनगाव परभणी जिल्ह्यात होतं, हिंगोली जिल्हा व्हायला अजून एक वर्ष होतं. त्या वेळी आपल्यापैकी कुणी दुकानात कामाला लागलं तर घरचे म्हणायचे, "कापड दुकानात बसतो." खरं तर बसायचा फक्त मालक. आता आपली लेकरं बारावी किंवा बी. ए. करून नांदेडला, संभाजीनगरला, पुण्याला मॉलमध्ये लागतात, आणि घरी फोन येतो, "मम्मी, दोन वर्षांत सुपरवायझर करणार म्हणतायत."

असाच फोन आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरी आला. ती इथेच समोर बसली आहे, तिला विचारूनच सांगते आहे. ती मला म्हणाली, "तू कंप्युटरवाली, दुकानांचंच काम करतेस ना? पोरीला सुपरवायझर करतायत. पेढे वाटू का?" गेली 11 वर्षं मी मोठ्या दुकानांसाठी शिफ्ट लावणारं आणि इन्सेंटिव्ह काढणारं सॉफ्टवेअर लिहिते. म्हणजे त्या पोरीसारख्यांचा पगार ठरवणाऱ्या यंत्राच्या मागच्या बाजूला मी बसते. म्हणून तिला म्हटलं, पेढे थांबव, आधी पोरीच्या पगाराच्या स्लिपा पाठव.

ती पुण्यात कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात तीन वर्षं फ्लोअरवर होती. फ्लोअरवर म्हणजे गिऱ्हाइकाला माल दाखवणं, ट्रायल रूममधून आलेले कपडे घडी घालून जागेवर लावणं, साइज संपली की गोडाउनमधून आणणं. कागदावरचा पगार 16,000. त्यातले 13,000 मूळ, त्यावर 12 टक्के म्हणजे 1,560 भविष्यनिर्वाह निधीत आणि 120 रुपये ईएसआयचे. हातात 14,320. व्यवसाय कर तिला लागत नाही, कारण महाराष्ट्रात 25,000 पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो 2023 पासून माफ आहे. वर्षभरात इन्सेंटिव्ह मिळाला 15,000, म्हणजे महिन्याला सरासरी 1,250. महिन्याला साधारण आठ तास ओव्हरटाइम व्हायचा. तो कायद्याने दुप्पट दराने द्यावा लागतो आणि तिचं दुकान देत होतं. त्याचे सुमारे 1,230. सगळे मिळून 16,800. दुकानात ती रोज नऊ तास असायची, त्यात जेवणाचा-चहाचा तासभर. 26 दिवसांचे 234 आणि ओव्हरटाइमचे 8, असे 242 तास. तासाला पडले 69 रुपये.

आता सुपरवायझरचं पत्र. कागदावर 19,000, मूळ 15,000. निधीचे 1,800 आणि ईएसआयचे 143 वजा जाता हातात 17,057. ओव्हरटाइम नाही. इन्सेंटिव्ह स्वतःच्या विक्रीवर नाही, पूर्ण विभागाच्या विक्रीवर, आणि तिथल्या जुन्या सुपरवायझरने सांगितलं की सरासरी सहाशेच्या वर जात नाही. म्हणजे 17,657. आणि तास? सुपरवायझरने दुकान उघडताना हजर राहायचं किंवा बंद करताना शेवटी निघायचं. शटर दहाला पडतं, पण गल्ला जुळेपर्यंत आणि दुसऱ्या दिवसाच्या मालाची यादी होईपर्यंत पावणेअकरा. तिथले सुपरवायझर रोज 11 तास भरत होते. 26 दिवसांचे 286. तासाला पडले 62 रुपये.

फोनवर हे सांगितलं तेव्हा मैत्रीण बराच वेळ बोललीच नाही. हुद्दा वाढला आणि तासाचा भाव सात रुपयांनी उतरला. दुसऱ्या बाजूने बघा: महिन्याला 857 रुपये जास्त मिळणार आणि त्यासाठी 44 तास जास्त उभं राहायचं. तासाला वीस रुपयेसुद्धा नाहीत.

ओव्हरटाइम का गेला, हे समजून घ्यायला हवं. आपल्याकडे दुकानांसाठी 2017 चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात मुळात दिवसाला 9 तास होते, आठवड्याला 48 तास, आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी, जास्तीच्या कामाला दुप्पट मोबदला, आणि बाईला तिच्या संमतीशिवाय रात्री साडेनऊनंतर थांबवायचं नाही, हे सगळं आहे. पण ज्यांचं काम व्यवस्थापकीय किंवा देखरेखीचं आहे त्यांना हा कायदा लागू नाही. त्यांची यादी दुकानाने संकेतस्थळावर किंवा दर्शनी जागी लावायची असते. म्हणजे नावापुढे सुपरवायझर लागलं की तासांचं कुंपण निघून जातं. न्यायालयांनी अनेकदा सांगितलंय की हुद्द्याचं नाव बघू नका, माणूस प्रत्यक्षात काय काम करतो ते बघा. दिवसभर घड्याच घालणारा माणूस नावाने सुपरवायझर झाला तरी कामगारच. पण ते सिद्ध करायला कोर्टात जावं लागतं, आणि 19,000 पगारावर कोण जाणार?

इथल्या लहान दुकानांचं तर विचारूच नका. हा कायदा मुळात 10 किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांसाठी होता. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती अट 20 कामगारांची करायला आणि दिवसाचे तास 9 चे 10 करायला मंजुरी दिली. सेनगावात 20 नोकरांचं कापड दुकान कुणाला माहीत असेल तर मला नंतर भेटा, बघायला येईन.

आता इन्सेंटिव्हचं. इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे.

इन्सेंटिव्हला बहुतेक ठिकाणी दोन कुलपं असतात. एक स्वतःच्या टार्गेटचं, दुसरं दुकानाच्या टार्गेटचं. या पोरीचं टार्गेट महिन्याला तीन लाखांचं. एका महिन्यात तिने 3,36,000 ची विक्री केली, म्हणजे 112 टक्के. पण दुकानाने 95 टक्के गाठले तरच कुलूप उघडतं, आणि दुकान 94 वर थांबलं. तिला मिळालं शून्य. तिला वाटलं आपल्याला फसवलं. फसवलं नव्हतं, नेमणूक पत्राच्या मागच्या पानावर नियम छापलेला होता. रुजू होताना कुणी समजावून सांगितला नव्हता, एवढंच.

पण 2024 च्या दिवाळीत झालं ते वेगळं होतं. तिचा फोन आला, "मावशी, ऑक्टोबरला मी 140 टक्के केले आणि नोव्हेंबरला 61. मी काय एका महिन्यात आळशी झाले?" तिचं दुकान आमच्याकडचं सॉफ्टवेअर वापरत नाही. तरी मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमचा हिशोब उघडून बघितला, आणि आमच्याकडेही तेच झालेलं. टार्गेट कसं निघतं? मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याची विक्री, अधिक ठरावीक टक्के. हे मीच लिहिलेलं. 2023 ला श्रावण अधिक होता, म्हणून दिवाळी उशिरा आली, लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला. खरेदीचे शेवटचे अकरा दिवस नोव्हेंबरात पडले. 2024 ला लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला. सगळी खरेदी ऑक्टोबरातच उरकली. यंत्राने मात्र 2023 चा नोव्हेंबर बघून 2024 च्या नोव्हेंबरला दिवाळीचं टार्गेट लावलं. अर्थात कुणालाच गाठता आलं नाही. तुम्ही म्हणाल, ऑक्टोबरात भरपाई झाली असेल. नाही झाली. 120 टक्क्यांच्या वर इन्सेंटिव्ह थांबतो. वरचे 20 टक्के तिने फुकट विकले.

आपल्या आजीला कालनिर्णय बघून जे सांगता आलं असतं, ते इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या मला सुचलं नव्हतं. आता आमच्याकडे महिन्याशी तुलना करत नाहीत, दिवाळीच्या किती दिवस आधी याच्याशी करतात. पण जुन्या पद्धतीने चालणारी दुकानं खूप आहेत. 2026 ला ज्येष्ठ अधिक आहे आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. 2025 ला ते 21 ऑक्टोबरला होतं. म्हणजे जुन्या हिशोबाने या वेळी ऑक्टोबरचं टार्गेट फुगणार. कुणाचं लेकरू दुकानात असेल तर सप्टेंबरमध्येच मॅनेजरला हे विचारायला सांगा. टार्गेट लागून गेल्यावर बदलत नाही.

राहिली बढतीची गोष्ट. "दोन वर्षांत सुपरवायझर" हे वाक्य खोटं नसतं, पण ते सगळ्यांना सांगितलेलं असतं. तिच्या दुकानात फ्लोअरवर 40 जण, सुपरवायझरच्या जागा पाच. त्यातली एखादी जागा वर्षात मोकळी होते. 40 जणांनी वाट बघितली तर शेवटच्याचा नंबर कधी लागेल ते जोशी गुरुजींच्या गणिताच्या तासाला बसलेल्या कुणालाही काढता येईल. बढत्या खऱ्या मिळतात त्या कंपनी नवीन दुकान उघडते तेव्हा. एका झटक्यात पाच जागा होतात, पण गाव बदलावं लागतं. आणि एक सापळा असा की पत्र न देता "तू सध्या बघ" म्हणून सहा-सहा महिने सुपरवायझरचं काम करून घेतात. किल्ल्या हातात येतात, पगार तोच राहतो.

मग ही बढती घेऊच नये का? मी तिला तसं सांगितलं नाही. फ्लोअरवर दहा वर्षं राहिली तरी ती घडीच घालणार. सुपरवायझरला मालाचा साठा मोजणं, चोरी-तूट शोधणं, शिफ्ट लावणं, रोजचा विक्री अहवाल हे हातात येतं, आणि त्याशिवाय मॅनेजरची खुर्ची दिसत नाही. मी तिला फक्त विचारायला लावलं: आठवड्यातून दुकान बंद करायची पाळी किती वेळा, हे पत्रात लिहून देणार का? साठ्याचं काम पहिल्या दिवसापासून देणार का? आताच्या पाच सुपरवायझरांपैकी फ्लोअरवरून आलेले किती?

मॅनेजरला राग आला. पत्र परत गेलं. पोरगी दोन दिवस रडली, आणि आपल्या मैत्रिणीने मला फोनवर जे ऐकवलं ते इथे सर बसलेत म्हणून सांगत नाही. चार महिन्यांनी कंपनीचं नांदेडचं दुकान उघडायचं ठरलं आणि माणसं हवी झाली. या वेळी पत्रात 20,500 होते आणि बंद करायची पाळी आठवड्यातून तीनदाच, असं लिहिलेलं होतं. तासाचा भाव पुन्हा काढला, 73 आला. ती गेली.

आता ती नांदेडला आहे. 14 जणांच्या शिफ्ट तीच लावते. साप्ताहिक सुट्टी बुधवारी, शनिवार-रविवारचं नाव काढायचं नाही. पुढच्या महिन्यात तिच्या मामेभावाचं लग्न रविवारचं आहे, इथेच सेनगावला. रजेचा अर्ज तिने आत्ताच देऊन ठेवलाय. मंजूर झाला का, ते तिच्या आईला आज जेवताना विचारा.