नाव बदललं तरी माणूस ओळखू येतो



मुलाखतींवर आधारलेलं संशोधन छापताना अभ्यासक बोलणाऱ्याचं नाव बदलतात, गावाचं नाव बदलतात आणि सुरुवातीला एक वाक्य टाकतात, 'सर्व नावे बदलली आहेत.' एवढी काळजी परक्या वाचकापुरती पुरते. शेजारी, सहकारी, वरचा साहेब यांच्यापासून ती बोलणाऱ्याला वाचवत नाही आणि बोलल्याची झळ बहुधा याच लोकांकडून लागते. छापण्याआधी प्रत्येक अवतरण या माणसांच्या नजरेनं कसं वाचायचं, याबद्दल मी आज बोलणार आहे.

या विषयातलं एक जुनं, गाजलेलं प्रकरण अमेरिकेतलं आहे. १९५८ साली आर्थर विडिच आणि जोसेफ बेन्समन यांचं 'स्मॉल टाउन इन मास सोसायटी' हे पुस्तक निघालं. न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावाचा तो अभ्यास होता. पुस्तकात गावाचं नाव 'स्प्रिंगडेल' ठेवलं होतं, माणसांची नावंही बदलली होती. पण गावचा कारभार मोजकी माणसं पडद्याआडून कशी चालवतात, हे लेखकांना दाखवायचं होतं. त्यासाठी त्या माणसांचे व्यवसाय सांगावे लागले. त्यात एक वकील होता, एक वृत्तपत्राचा संपादक होता. एवढ्याशा गावात संपादक किती असणार? गावकऱ्यांनी पुस्तक उघडलं आणि एकेकाला ओळखलं.

त्यांना राग आला त्याला कारण होतं. हा अभ्यास कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रकल्पातून उभा राहिला होता आणि कुणीही व्यक्ती ओळखू येणार नाही, असा शब्द गावाला दिला गेला होता. त्या वर्षीच्या चार जुलैच्या मिरवणुकीत गावकरी मुखवटे लावून, आपापल्या पुस्तकी नावांच्या पाट्या लावलेल्या गाड्यांतून निघाले. शेवटी शेतात खत पसरायचं यंत्र होतं, शेणखतानं भरलेलं, आणि त्यावर वाकलेला लेखकाचा पुतळा. टोपणनावांनी किती झाकलं होतं, ते गावानं चौकात दाखवून दिलं.

न्यूझीलंडचे समाजशास्त्रज्ञ मार्टिन टोलिक यांनी २००४ साली यातला भेद नीट मांडला. बाहेरच्या माणसाला कळू नये, ही एक गोपनीयता. अभ्यासात आलेल्या माणसांना एकमेकांचं बोलणं कळू नये, ही दुसरी, आतली गोपनीयता. संमतिपत्रात आपण पहिलीचं वचन देतो आणि दुसरीही त्यातच आली, असं धरून चालतो.

आता आपल्याकडचं एक उदाहरण घेऊ. ते मी रचलेलं आहे, पण त्यातलं गणित खरं आहे. समजा, आशाताईंच्या कामावर अभ्यास चालला आहे आणि एक ताई म्हणतात, "मालक गेल्यावर मी या कामाला लागले. आधी भाजीचा गाडा होता माझा. डॉक्टरसाहेब बुधवारीच येतात, म्हणून बाळंतीण अडली की मी सरळ तालुक्याला नेते. मागच्या पावसात पूल वाहून गेला तेव्हा ट्रॅक्टरवर नेली होती." अभ्यासक खाली लिहितो, 'सुमन (नाव बदलले आहे), आशा, वय ४२.'

सपाट प्रदेशात प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण ३० हजार लोकसंख्येला असतं, उपकेंद्र ५ हजारांना आणि आशा हजार लोकांमागे एक. म्हणजे केंद्र कळलं की ताई तीसेकांपैकी एक असते. उपकेंद्र कळलं की पाचांपैकी एक. त्या पाचांत विधवा किती? भाजीचा गाडा कुणाचा होता? दोन वाक्यांत उत्तर एकावर येतं. ट्रॅक्टरवरची बाळंतीण तर अख्ख्या गावाला ठाऊक असते. शिवाय इथं आणखी दोघं उघडे पडतात. केंद्रात डॉक्टर एकच असेल तर 'डॉक्टरसाहेब' म्हणजे कोण, हे सांगावं लागत नाही. त्या बाळंतिणीला तर कुणी विचारलेलंच नाही. उद्या ताईंच्या कामाच्या नोंदींवर सही हवी असेल, तेव्हा त्या याच साहेबांसमोर उभ्या राहणार.

मग करायचं काय? आधी अवतरणातली प्रत्येक खूण वेगळी काढायची आणि तिच्यापुढे लिहायचं, की ही कुणाला ओळखू येईल. नंतर विचारायचं, की आपल्या मुद्द्याला यातलं काय लागतं. मुद्दा असा आहे की डॉक्टर नसल्यामुळे आशा रुग्णाला परस्पर पुढे नेतात. त्याला वैधव्य लागत नाही, गाडा लागत नाही, बुधवार लागत नाही, ट्रॅक्टरही लागत नाही. उरतं ते एवढंच: "डॉक्टर रोज नसतात, म्हणून बाळंतीण अडली की मी सरळ तालुक्याला नेते." वयाच्या जागी 'चाळिशीतल्या' पुरे. गाळलेला भाग आणि बदललेले शब्द कसे दाखवले आहेत, ते अभ्यासपद्धतीच्या प्रकरणात एकदा सांगून टाकायचं.

यातही एक फट राहते. पान ४० वर 'सुमन' डॉक्टरांबद्दल बोलते, पान ९० वर वैधव्याबद्दल, पान १३० वर गाड्याबद्दल. एकेक अवतरण निरुपद्रवी असतं, पण टोपणनाव एकच असल्यामुळे गावातला वाचक तिन्ही जोडतो. म्हणून पुस्तक पुरं झाल्यावर एकेका टोपणनावाची सगळी अवतरणं एकत्र काढून सलग वाचावीत. फार जोखमीचं वाक्य असेल तर ते टोपणनावाशिवाय, नुसतं 'एक आशा' म्हणून द्यावं.

तपशील खोटे घालणं हा सोपा मार्ग दिसतो. विधवेची सधवा केली, बाईचा पुरुष केला, की माणूस लपतो. पण आशाताईच्या जागी पुरुष घातला की बाळंतपणाचं सगळं बोलणंच खोटं होतं. अनेकांचं मिळून एक पात्र करण्यालाही मर्यादा आहेत. नॅन्सी शेपर-ह्यूज यांनी आयर्लंडमधल्या खेड्यावरच्या १९७९च्या पुस्तकात असं मिश्रण केलं होतं, गावालाही 'बॅलीब्रॅन' असं नाव दिलं होतं. गावानं तरीही स्वतःला ओळखलं आणि १९९९ साली त्या परत गेल्या तेव्हा त्यांना गाव सोडायला लावलं. असं बनवलेलं पात्र गावातल्या चार जणांना आपलंच वाटू शकतं आणि एकालाही त्यात पुरता न्याय मिळत नाही.

निर्णय एकट्या अभ्यासकानं घ्यावा असंही नाही. मुलाखतीआधीच्या सहीच्या वेळी आपण काय बोलणार आहोत, हे बोलणाऱ्यालाही माहीत नसतं. म्हणून कॅरन कायझर यांनी २००९ साली सुचवलं, की मुलाखत संपल्यावर पुन्हा विचारावं: यातलं काय जसंच्या तसं वापरू, काय बदलून वापरू, काय मुळीच वापरू नको? काही जण म्हणतील, माझं नावच घाला. तेही ऐकलं पाहिजे, मात्र त्या नावाबरोबर साहेब आणि बाळंतीणही ओळखू येणार असतील तर ताईंची एकटीची संमती पुरत नाही.

एवढं करूनही काही अवतरणं झाकता येत नाहीत. अधिकारपदं एकेकच असतात, तिथं स्प्रिंगडेलच्या लेखकांची अडचण खरीच होती. अशा वेळी त्या माणसाला छापील मजकूर आधी दाखवून त्याचा होकार घ्यावा. होकार नसेल तर अवतरण गाळून तोच मुद्दा आपल्या वाक्यात, इतर मुलाखतींच्या आधारानं मांडावा. आणि इतर कुठल्याच मुलाखतीत त्याला आधार सापडत नसेल, तर एका माणसाच्या एका वाक्यावर उभा असलेला तो निष्कर्ष छापण्याइतका पक्का नव्हताच.