नाव बिलापासून ठरवावं

महाराष्ट्रभरातून आलेल्या माझ्या अनुवादक, चित्रकार, संपादक, मांडणीकार मित्रमैत्रिणींनो,

आज मी एकाच विषयावर बोलणार आहे: आपण ज्या नावानं काम करतो ते नाव.

मराठीला एका लेखकाची अनेक नावं नवी नाहीत. राम गणेश गडकऱ्यांनी कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून लिहिल्या, विनोदी लेख ‘बाळकराम’ म्हणून लिहिले आणि नाटकांना स्वतःचं नाव दिलं. तिन्ही नावांमागचा माणूस एकच, हे वाचकाला पुढे कळलं तरी चालत होतं. आपलं गणित वेगळं आहे. आपलं काम एक जण पाहतो, कामाची ऑर्डर दुसरा देतो आणि पैसे तिसराच पाठवतो. हा तिसरा माणूस हिशेब विभागात बसतो. त्यानं आपलं काम पाहिलेलं नसतं. त्याच्यासमोर बिल, पॅन आणि बँक खातं एवढेच कागद असतात.

समजा, आपल्यातली एक चित्रकार आहे, वैदेही. पॅनवर तिचं माहेरचं नाव आहे: Vaidehi Shridhar Kshirsagar. संकेतस्थळ करताना तिनं क्षीरसागर हे आडनाव Ksheersagar असं लिहिलं. इन्स्टाग्रामवर ती ‘रेघोट्या स्टुडिओ’ आहे. लग्नानंतर बिलावर ‘वैदेही जोशी’ लिहू लागली. एका प्रकाशकाला चित्रं आवडली ती रेघोट्या स्टुडिओची, बिल आलं वैदेही जोशींचं आणि खातं निघालं क्षीरसागरांचं. हिशेब विभाग बिल बाजूला ठेवून खुलासा मागतो. यात त्याचं काही चुकत नाही. एप्रिल २०२५पासून एनईएफटी आणि आरटीजीएसनं पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं बँकेतलं नाव पाहण्याची सोय रिझर्व्ह बँकेनं आणली आहे. यूपीआयवरही पैसे पाठवणाऱ्याला समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं. बिलावरचं नाव आणि हे नाव जुळलं नाही, तर सावध माणूस थांबणारच. परदेशातून येणाऱ्या पैशाबाबत तर नाव न जुळल्यास बँक विचारणा करते आणि कधी रक्कम परतही जाते.

म्हणून माझं म्हणणं असं की, नाव ठरवायला बिलापासून सुरुवात करावी आणि मग संकेतस्थळाकडे जावं. आपण बहुतेक जण उलट करतो. आधी बोधचिन्ह, मग डोमेन आणि बिल सर्वांत शेवटी. पण डोमेन एका दुपारी बदलता येतं, पॅन, आधार आणि बँकेतलं नाव बदलायला अर्ज, पुरावे आणि धीर लागतो. जे बदलायला सर्वांत अवघड, त्याच्याशी बाकीचं जुळवून घेणं शहाणपणाचं.

वैदेहीनं काय करावं? आधी पॅन, आधार आणि पासबुक शेजारी ठेवून तिन्हींवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहावं. फरक असेल तर तो आधी दुरुस्त करावा. लग्नानंतर पॅनवरचं नाव बदललंच पाहिजे, असं बंधन नाही. बदलायचंच असेल तर तिन्ही ठिकाणी बदलावं. पॅनवरचं नाव दुरुस्त झालं तरी क्रमांक तोच राहतो आणि कापलेला कर त्या क्रमांकावरच जमा होतो, त्यामुळे जुना कर बुडेल ही भीती नको.

मग त्याच नावातून कामाचं नाव काढावं. वडिलांचं नाव गाळून ‘वैदेही क्षीरसागर’ आणि रोमनमध्ये पॅनवर आहे तसंच Vaidehi Kshirsagar. मराठी माणसाला ही एक जोडी कायमची ठरवावीच लागते. पुस्तकावर देवनागरी छापली जाते, बिलावर बहुधा रोमन असतं आणि शोधणारा दोन्हींतलं काहीही टाइप करतो. Kshirsagar आणि Ksheersagar हे आपल्याला एकच आडनाव वाटतं, शोधयंत्राला ते प्रत्येक वेळी वाटेलच असं नाही. म्हणून संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर आणि प्रत्येक परिचयात दोन्ही लिप्यांतलं नाव शेजारी शेजारी असावं.

आता हँडल. इथे सर्वांत आखूड मर्यादा आधी पाहावी. इन्स्टाग्राम ३० अक्षरं देतं, एक्स फक्त १५. vaidehikshirsagar ही १७ अक्षरं होतात, म्हणजे एक्सवर बसतच नाहीत. तिथे पोचल्यावर घाईघाईनं कापाकापी केली, की दोन ठिकाणी दोन हँडल होतात. त्यापेक्षा vkshirsagar अशी ११ अक्षरं घ्यावीत. मोकळं आहे का, हे सगळीकडे एकाच बैठकीत पाहावं, डोमेनसह. एका ठिकाणी जरी कुणी घेतलेलं असेल, तर दुसरं रूप शोधून पुन्हा सगळीकडे पाहावं. हँडल आखूड असलं तरी त्यावर दिसणारं नाव मात्र सर्वत्र पूर्ण ठेवावं.

‘रेघोट्या स्टुडिओ’ सोडायलाच हवं का? नाही. उद्या दोन सहकारी हाताशी येणार असतील, तर स्टुडिओचं नाव उपयोगाचं आहे. मात्र ते आधी ट्रेडमार्कच्या सरकारी नोंदवहीत शोधून पाहावं आणि कंपनी नोंदवलेली नसताना पुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लावू नये. बिलावर वर ‘रेघोट्या स्टुडिओ’, लगेच खाली ‘प्रोप्रायटर: वैदेही श्रीधर क्षीरसागर’, मग पॅन आणि खातेदाराचं नाव. जीएसटी नोंदणीतही हीच दोन घरं आहेत: कायदेशीर नाव पॅनवरून येतं, व्यवसायाचं नाव वेगळं लिहिता येतं. खातं स्टुडिओच्या नावानं हवं असेल, तर बँक त्या नावाचे व्यवसायाचे पुरावे मागते, उद्यम नोंदणीसारखे. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल, तर आपल्यापैकी बहुतेकांना जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, तेव्हा एकट्यानं काम करणाऱ्यानं एवढा व्याप मांडायचा का, हा विचार करावा. माझं मत स्पष्ट आहे: एकट्याला स्वतःचं नाव पुरतं.

जुनं नाव टाकताना एक काळजी घ्यावी. जुनं डोमेन लगेच सोडू नये. मुदत संपली की ते कुणीही घेऊ शकतं आणि तुमच्या जुन्या पत्त्यावर येणारी पत्रंही त्याच्या हाती जाऊ शकतात. ते चालू ठेवून नव्या पत्त्याकडे कायमचं वळवावं, ईमेलही वळवावी. परिचयात काही काळ ‘पूर्वी रेघोट्या स्टुडिओ’ एवढी ओळ ठेवावी. जुन्या पुस्तकांवर छापलेलं नाव बदलत नाही. ती पुस्तकं हातात घेणाऱ्याला आजचे तुम्ही सापडाल, ती या ओळीमुळे.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. आपलं नाव आपण एकसारखं ठेवलं, तरी ते छापणारे दुसरेच असतात. श्रेयनामावलीत ‘व्ही. क्षीरसागर’ छापलं गेलं, तर वर्षभराचं काम शोधणाऱ्याच्या नजरेतून निसटतं. त्यासाठी कामाच्या पहिल्या पत्रातच लिहावं: श्रेय असं छापावं. देवनागरीत असं, रोमनमध्ये असं.

आणि म्हणून या संमेलनापुढे मी एक प्रस्ताव ठेवतो. आपल्या सभासद सूचीत प्रत्येकाचं नाव त्यानं स्वतः ठरवलेल्या देवनागरी आणि रोमन रूपात छापावं. ती सूची प्रकाशकांना, संपादकांना पाठवावी आणि श्रेय याच रूपात द्यावं, अशी विनंती संमेलनाच्या वतीनं करावी. पॅनवरचं नाव त्यात येऊ नये, ते सभासद आणि त्याला पैसे देणारा यांच्यातच राहावं. समारोपाच्या सत्रापूर्वी आपलं नाव दोन्ही लिप्यांत लिहून कार्यवाहांकडे द्यावं, ही विनंती. लिहिण्याआधी मात्र आपलं शेवटचं बिल एकदा काढून पाहावं.