कार्ड भरलंय की मेलंय?

आज सोलापूरहूनच बोलतोय. दोन आठवडे घरून काम करतोय आणि घरी आलं की घरचे मला 'कॉम्प्युटरचा डॉक्टर' समजतात. त्यातूनच आजचा विषय मिळाला.

माझा मामेभाऊ लग्नाचं शूटिंग करतो. मागच्या आठवड्यात संध्याकाळी रिसेप्शन सुरू व्हायच्या आधी त्याचा फोन आला. "अरे, कार्ड फुल दाखवतंय. जुन्या ऑर्डरच्या क्लिप डिलीट केल्या, वीस जीबी मोकळी झाली. कार्ड काढून परत घातलं तर पुन्हा फुल! डिलीट केलेलं सगळं परत आलंय. फॉरमॅट मारू का?"

मी विचारलं, "अक्षता कुठल्या कार्डावर आहेत?"

"याच्यावरच की."

मग मी ओरडलोच. फॉरमॅट करू नको, कार्ड काढून बाजूला ठेव, दुसरं कार्ड घाल आणि रिसेप्शन उरक. रात्री ये.

कार्ड भरलं असतं तर डिलीट केल्यावर जागा झाली असती आणि ती तशीच राहिली असती. डिलीट केलेलं परत येतं याचा अर्थ कार्डावर काही लिहिलंच जात नाहीये. डिलीट करणं हेसुद्धा लिहिणंच असतं, म्हणजे 'ही जागा आता मोकळी' अशी नोंद करणं. कॅमेऱ्याने ती नोंद आपल्या मेमरीत केली आणि स्क्रीनवर दाखवली, कार्डाने मात्र घेतलीच नाही. कार्ड काढलं की कॅमेऱ्याची नोंद गेली आणि जुनंच चित्र परत आलं.

असं का होतं? कार्डातल्या पेशींवर ठरावीक वेळाच लिहिता येतं. पेशी झिजल्या की कार्डातला कंट्रोलर, म्हणजे आतली छोटी चिप, राखीव जागेतल्या पेशी वापरायला घेतो. राखीवही संपली की बरेच कंट्रोलर लिहिणं बंद करतात आणि फक्त वाचू देतात. म्हणजे मालकाला माल बाहेर काढायला वेळ मिळतो. तेवढ्यात आपण मात्र फॉरमॅट मारत बसतो.

रात्री भाऊ आला. पहिली गोष्ट, कार्डाच्या कडेचं लॉकचं बटण बघितलं. हसू नका, अर्ध्या वेळा तेवढंच असतं. इथे ते बरोबर होतं. दुसरी गोष्ट, काहीही दुरुस्त करण्याआधी सगळं कॉपी केलं. नशिबाने एकही फाइल अडली नाही. वाचताना अडकत असतं तर साधी कॉपी न करता आख्ख्या कार्डाची इमेज काढली असती. लिनक्सवर ते असं करतात. इथे कार्ड `/dev/sdb` आहे, तुमच्याकडे नाव वेगळं असेल, ते आधी `lsblk` ने बघा:

```
sudo ddrescue -d -r3 /dev/sdb card.img card.map
```

अक्षता हार्ड डिस्कवर सुखरूप आल्यावरच तपासणीला हात लावला. लॅपटॉपवर कार्ड फॉरमॅट केलं. 'झालं' असा मेसेज आला. काढून परत घातलं. सगळी लग्नं जशीच्या तशी हजर! निकाल लागला, कार्ड गेलं.

एक गंमत बघा. मी हे सुद्धा चालवलं होतं:

```
lsblk -o NAME,SIZE,RO,FSTYPE
sudo dmesg | tail -20
```

`RO` खाली १ आला किंवा खालच्या मेसेजमध्ये `Write Protect is on` दिसलं, तर कार्ड स्वतः सांगतंय की लिहू नका. आमच्या कार्डाने ० दाखवलं, म्हणजे 'मी ठीक आहे'. म्हणून कार्डाच्या शब्दावर जाऊ नका. बाहेर काढा, परत घाला आणि मग बघा. ही परीक्षा मोबाइलवरही होते: आधी सगळं कॉपी करा, मग एक छोटी फाइल ठेवा, कार्ड नीट इजेक्ट करून परत घाला, फाइल आहे का बघा.

उलट बाजूही सांगतो, कारण प्रत्येक 'रीड-ओन्ली' म्हणजे मरण नाही. `FAT-fs (sdb1): Filesystem has been set read-only` असा मेसेज आला तर बहुतेक वेळा पेन ड्राइव्ह इजेक्ट न करता ओढून काढलेला असतो. नोंदवही बिघडलीये, कागद शाबूत आहे. कॉपी करून मग दुरुस्त करा, चालेल. पण सोबत `I/O error` आणि सेक्टरचे नंबर येत असतील, किंवा दुरुस्तीनंतर चार दिवसांत तेच परत झालं, तर कागदच फाटलाय. आणि `No space left on device` आलं तर खरंच जागेचा प्रश्न आहे. जागा असूनही चार जीबीपेक्षा मोठी एकच फाइल जात नसेल, तर ड्राइव्ह FAT32 आहे. ती त्या फॉरमॅटची मर्यादा आहे, बिघाड नव्हे.

आता विचित्र आकाराचं. ६४ जीबीचं कार्ड विंडोजवर ५९ च्या आसपास दिसतं, त्यात फसवणूक नाही. कंपनी जीबी म्हणजे १०० कोटी बाइट मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, एवढाच फरक. ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह अचानक काहीशे एमबीचा झाला, तर आठवा: त्यावर कधी लिनक्स किंवा रास्पबेरी पायची इमेज टाकली होती का? तसं असेल तर `lsblk` मध्ये वरच्या ओळीत आख्खा ड्राइव्ह ३० च्या आसपास दिसेल आणि खालचं पार्टिशन छोटं. नवीन पार्टिशन केलं की काम झालं.

पण वरची ओळच शून्य किंवा काही एमबी दाखवत असेल तर कंट्रोलर स्वतःचाच नकाशा विसरलाय. २०११ मध्ये इंटेलच्या ३२० मालिकेच्या एसएसडीत हे गाजलं होतं. अचानक वीज गेली की काही ड्राइव्ह फक्त ८ एमबीच्या दिसायच्या. इंटेलला फर्मवेअर बदलावं लागलं. अशा ड्राइव्हवर फॉरमॅट उपयोगाचा नाही. डेटा महत्त्वाचा असेल तर हात न लावता रिकव्हरीवाल्याकडे द्या.

आणि आकार फारच जास्त दिसला तर? माझ्या मित्राने ऑनलाइन सेलमधून पाचशे रुपयांत '२ टीबी'चा पेन ड्राइव्ह घेतला. पन्नास सीटच्या एसटीत दोनशे तिकिटं फाडावीत तसं असतं हे. ड्राइव्ह सगळ्या फाइल घेतो, नावं दाखवतो, पण खऱ्या जागेपुढच्या फाइल उघडतच नाहीत. विंडोजवर `H2testw`, लिनक्सवर हे:

```
f3write /media/pen
f3read /media/pen
```

पहिलं रिकामी जागा भरतं, दुसरं वाचून जुळवतं. रिकाम्या ड्राइव्हवर करा आणि वेळ लागेल हे धरून चला. मित्राच्या ड्राइव्हमध्ये जेमतेम ३० जीबी खरी निघाली.

भावाने नवीन कार्ड घेतलं. जुन्यावर मी मार्करने मोठी फुली मारली, नाहीतर चार महिन्यांनी बॅगेतून तेच निघालं असतं आणि कुणाच्या तरी अक्षता त्यावर गेल्या असत्या. अक्षता म्हणजे रीटेक नसतो बे.

भेटू पुढच्या एपिसोडला.