गाळलेली जागा आणि एका ओळीचे कारण



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत ते इंग्रजी शिकवीत असत, म्हणून मी आजचा विषय व्याकरणातला आणि अगदी लहान निवडला आहे. इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत गाळलेल्या जागी 'ए', 'ॲन' किंवा 'द' भरावयाचे असते आणि पुढे एका ओळीत कारण द्यावयाचे असते. जागा बरोबर भरलेली आणि कारण मात्र चुकलेले, अशा उत्तरपत्रिका मी तीस वर्षे तपासल्या. अशा उत्तराला पूर्ण गुण देऊ नयेत, असे माझे मत आहे. ते कठोर वाटेल. पण चुकीचे कारण पाठ झालेला मुलगा पुढच्याच वाक्यात अडतो.

एक उदाहरण घेऊ. 'रमा बॉट — अम्ब्रेला. — हँडल वॉज ब्रोकन अँड — रिब वॉज बेंट.' रमाने छत्री घेतली. दांडा मोडलेला होता आणि एक काडी वाकलेली होती.

पहिल्या जागी 'ॲन'. कारण म्हणून मुले लिहितात, 'यू हा स्वर आहे'. मग 'युनिफॉर्म'च्या आधी 'ए' का? तेथेही पहिले अक्षर तेच आहे. नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे, आणि तो पडताळून पाहण्याचे साधन आपल्या लिपीतच आहे. शब्द देवनागरीत लिहून पाहावा. 'अम्ब्रेला' अ-ने सुरू होतो, 'युनिफॉर्म' य-ने. 'अवर', म्हणजे तास, इंग्रजीत एच् या अक्षराने लिहितात. पण देवनागरीत तो अ-ने सुरू होतो, म्हणून 'ॲन अवर'. 'एम. ए.' झालेला माणूसही 'ॲन एम. ए.'च.

दुसऱ्या जागी खरी परीक्षा आहे. 'प्रथम उल्लेखाला ए, दुसऱ्या उल्लेखाला द' हे सूत्र घोकलेला विद्यार्थी येथे 'ए' लिहितो, कारण दांड्याचा उल्लेख प्रथमच आला आहे. योग्य उत्तर 'द' आहे. छत्रीचे नाव निघाले की तिचा दांडा कोणता, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही; छत्रीला दांडा एकच असतो. काड्या मात्र अनेक असतात आणि त्यांतली कोणती वाकली हे ऐकणाऱ्याला कळत नाही. म्हणून तिसऱ्या जागी 'ए'. तेव्हा उल्लेख कितवा हे मोजू नये, 'कोणता?' हा प्रश्न ऐकणाऱ्याला पडतो की नाही, हे पाहावे. उत्तरपत्रिकेतील ओळ अशी असावी: 'छत्रीला दांडा एकच, म्हणून तो निश्चित, काड्या अनेक, म्हणून ती अनिश्चित.'

आपल्या गावातील मुलांच्या घरी मराठी असो वा कन्नड, दोन्हींत इंग्रजीसारखी उपपदे नाहीत. तरीही हा भेद मुलाला अपरिचित नसतो. वर मी 'एक काडी' म्हटले, पण 'एक दांडा' म्हटले नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. 'टेबलावर पुस्तक आहे' आणि 'पुस्तक टेबलावर आहे' ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यातले पुस्तक आपल्याला नवे आहे, दुसऱ्यातले आधीपासून ठाऊक आहे. इंग्रजीत पहिल्याला 'ए बुक', दुसऱ्याला 'द बुक'. ही कसोटी सर्वत्र चालत नाही, हेही मुलांना सांगितले पाहिजे. 'माझे वडील शिक्षक आहेत' या वाक्यात आपल्याला 'एक' नको असते, इंग्रजीला मात्र 'ए टीचर' हवेच.

शब्दयोगी अव्ययांपैकी एकाच जोडीविषयी बोलतो, कारण ती आपल्या मुलांना हमखास नडते. 'ती १९८५पासून बेळगावात राहते' आणि 'ती दहा वर्षांपासून बेळगावात राहते'. आपले 'पासून' एकच. इंग्रजीत पहिल्याला 'सिन्स', दुसऱ्याला 'फॉर'. येथे 'पासून' काढून पाहावे. 'ती दहा वर्षे बेळगावात राहते आहे' हे वाक्य उभे राहते. 'ती १९८५ बेळगावात राहते आहे' हे राहत नाही. जेथे वाक्य उभे राहते तेथे मुदत सांगितलेली असते, म्हणून 'फॉर'. जेथे कोसळते तेथे आरंभाचा क्षण असतो, म्हणून 'सिन्स'.

काही जागा मात्र अशा आहेत की तेथे असे कारण सापडत नाही. सापाला भिणारा मुलगा 'अफ्रेड ऑफ स्नेक्स' का आणि गणितात हुशार असलेला 'गुड ॲट मॅथ्स' का, याला केवळ रूढी हेच उत्तर आहे. तेथे विद्यार्थ्याने 'अफ्रेड या शब्दापुढे ऑफ येते' एवढेच लिहावे, आणि परीक्षकाने त्याला पूर्ण गुण द्यावेत.