हॉटेल व्यवस्थापन पदविकेनंतर : कोणते खाते निवडावे?

(पदविकाधारक विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यातील भाषण)



हॉटेल व्यवस्थापनाची पदविका हाती पडली की बहुतेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो : पहिला पगार किती? हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. स्वयंपाकघर, स्वागतकक्ष, हाऊसकीपिंग व सर्व्हिस ही हॉटेलातील चार प्रमुख खाती होत. प्रारंभीचे वेतन चारही खात्यांत थोड्याफार फरकाने सारखेच असते. पुढे ते कशाच्या बळावर वाढते, यात मात्र मोठा भेद आहे.

सत्तरी तालुक्यातील एखाद्या पदविकाधारकाचे उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. किनाऱ्यावरील एका हॉटेलात त्याला दोन जागा देऊ केल्या आहेत. सर्व्हिसमध्ये स्ट्युअर्ड म्हणून दरमहा १४,००० रुपये आणि टिप्स. स्वयंपाकघरात कॉमी थ्री म्हणून १५,५०० रुपये आणि टिप्स नाहीत. ऑक्टोबर ते मार्च या हंगामात टिप्स महिन्याला ५,००० रुपये मिळतात, पावसाळ्यासह उरलेल्या सहा महिन्यांत जेमतेम १,०००. म्हणजे वर्षाचे ३६,००० रुपये, महिन्याला सरासरी ३,०००. पहिल्या वर्षी सर्व्हिसमधील मुलगा महिन्याला दीड हजाराने पुढे राहतो. डिसेंबरात घरी येणाऱ्याच्या खिशातील रक्कम पाहून पालकांना वाटते, हीच वाट बरी.

आता पाच वर्षांनंतरचे चित्र पाहावे. स्वयंपाकघरातील मुलगा कॉमी टू, कॉमी वन या पायऱ्या ओलांडून डेमी शेफ द पार्टी झाला व त्याचे वेतन २७,००० रुपये झाले असे धरू. स्ट्युअर्डचा कॅप्टन झाला. वेतन २१,००० आणि टिप्स सरासरी ३,५००, एकूण २४,५००. दोघे नोकरी बदलावयास गेले, तर नवे हॉटेल वेतनचिठ्ठी मागते. टिप्स तीत नसतात. भविष्य निर्वाह निधीची कपात आणि उपदानाची रक्कम या वेतनाच्या आधारे ठरतात, टिप्सच्या नव्हे. बँकेचे कर्ज काढतानाही हाच अनुभव येतो.

सर्व्हिस चार्जबाबतही सावध राहिले पाहिजे. बिलात तो आपोआप जोडू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. म्हणून ‘सर्व्हिस चार्जसह इतके मिळतील’ असे कोणी सांगितल्यास त्यातील निश्चित वेतन किती, हे वेगळे विचारून घ्यावे. याला एक अपवाद आहे. गोव्यातील अनेक तरुण ज्या पर्यटक जहाजांवर जातात, तेथे वाढप्याच्या कमाईचा मोठा भाग बक्षिसीचाच असतो. ज्याला तिकडे जावयाचे आहे, त्याने सर्व्हिसच धरावी.

स्वयंपाकघराची उणीवही लपविण्यासारखी नाही. तेथे पहिली दोन-तीन वर्षे कांदा चिरणे, रस्सा आटवणे आणि शीतकपाट लावणे यांतच जातात. उष्मा असह्य असतो. ब्रेक शिफ्ट असेल, तर दुपारच्या जेवणानंतर सुट्टी मिळते आणि पुन्हा रात्री अकरापर्यंत उभे राहावे लागते. सर्व्हिसचेही वेळापत्रक असेच. त्या वेळी वाळपई-होंड्याच्या दिशेने बस मिळणे कठीण. राहण्याची सोय नसेल, तर भाड्यात वेतनवाढ निघून जाते.

हाऊसकीपिंगकडे मुले नाक मुरडतात. एका पाळीत चौदा-पंधरा खोल्या तयार करावयाच्या, हे शरीराला जड जाते खरे. पण पदविकाधारक त्या खात्यात फारसे टिकत नाहीत, म्हणून जो टिकतो त्याच्यापुढे सुपरवायझरपदासाठी स्पर्धा कमी असते. चादरी, टॉवेल व साबणाचा साठा मोजून खर्च दाखविणारा माणूस तेथे लवकर वर येतो.

स्वागतकक्षाची निवड बहुधा पोशाख पाहून केली जाते आणि येथेच निराशा होते. गोड बोलणे पुरत नाही. रात्रपाळीत दिवसभराची बिले जुळविण्याचे काम ज्याला जमते, तो पुढे खोल्यांचे दर ठरविणाऱ्या विभागाकडे जाऊ शकतो. हिशेबाचा कंटाळा असणाऱ्याने याचा विचार करावा.

औद्योगिक प्रशिक्षणाच्या काळात चारही खात्यांत फिरविले जाते. त्या दिवसांत प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या खात्यातील तिघांना विचारावे : येथे किती वर्षे आहात, किती वेळा पद वाढले? आणि नेमणूकपत्र घेताना मूळ वेतन, पाळीची वेळ, राहण्याची व जेवणाची सोय आणि पावसाळ्यात कामावर ठेवणार की नाही, या चार बाबी लेखी मागून घ्याव्यात.