भाडं, पास आणि पाळणाघर
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे मी हिशेबावरच बोलणार. आपल्या बदलापुरात हा हिशेब दर दोन-चार घरांत चाललेला असतो. इथेच राहायचं की जास्त भाडं भरून नोकरीजवळ जायचं?

मागच्या वर्षी आपल्याच बी विंगमधलं एक भाडेकरू जोडपं माझ्याकडे कागद घेऊन आलं. तो लोअर परळला, ती ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, मुलगा दोन वर्षांचा. इथे भाडं दहा हजार. मुलुंडला जुन्या इमारतीत खोली-किचन बावीस हजारांत मिळत होतं. तो म्हणाला, "काका, बारा हजारांचा फरक आहे. विषयच संपला."

मी म्हटलं, संपला नाही, आत्ता सुरू झाला. आधी वेळ मांडा. आणि गाडीची नव्हे, दारापासून दारापर्यंतची. रिक्षाची रांग, पुलावरची गर्दी, सुटलेली गाडी, सगळं धरा. चांगल्या दिवसाचा आकडा धरू नका, पावसातल्या सोमवारचाही बघा. त्याला इथून जायला दोन तास लागत, मुलुंडहून सव्वा तासाच्या आत. तिला इथून जवळपास दीड तास, मुलुंडहून पंचवीस मिनिटं. दोघांचे मिळून रोज साडेतीन तास तरी वाचत होते. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर चौऱ्याऐंशी तास.

आता पैसे. भाड्याचा फरक बारा हजार खरा, पण त्यातून पास आणि रिक्षाचे तीन हजार वजा झाले. पाळणाघर संध्याकाळी सातला बंद व्हायचं, आणि हिची गाडी चुकली की जादा तासाचे पैसे लागायचे. ते दोन हजार तेही गेले. राहिले सात हजार. उलट बाजूला लोक विसरतात ते खर्च लिहिले. दलाली एक महिन्याचं भाडं, म्हणजे इथल्यापेक्षा बारा हजार जास्त, सामान हलवायचा टेम्पो आठ हजार. करार अकरा महिन्यांचा, म्हणून दोन्ही अकरानं भागले, साधारण अठराशे. डिपॉझिट पन्नास हजारांनी जास्त होतं, त्याचं बुडणारं व्याज महिन्याला तीनशेच्या आसपास. एकूण नऊ हजार एकशे. भागिले चौऱ्याऐंशी.

एका तासाला एकशे आठ रुपये पडले.

कागद तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, "काका, मुलगा जागा असताना मी घरी पोचायचे एकशे आठ रुपये?" तो गप्प बसला.

तरी मी लगेच जा म्हणालो नाही. दोघांचा पगार मिळून सत्तर हजार होता आणि बावीस हजार म्हणजे तिसऱ्या हिश्शाच्या आत बसत होते. पगार पन्नास असता तर मी नको म्हटलं असतं, तास कितीही वाचोत. करार पुन्हा करताना भाडं वाढतं तेही धरायला सांगितलं, आणि लॉक-इनचं कलम वाचायला. नोकरी बदलली तर मुदत संपेपर्यंतचं भाडं भरत बसाल. शिवाय, दोघांपैकी पाळणाघराची वेळ कोण गाठतं ते पाहा. घर त्याच्या कामाजवळ असावं, मोठ्या पगारवाल्याच्या नव्हे. म्हणूनच मुलुंड बरं, दादर नको. एका सोमवारी मुलुंडहून निघून पाहा असंही सांगितलं. ती तिच्या मावशीकडे राहून तसं करून आली, तेव्हा कुठे डिपॉझिट भरलं.

आता माझंच सांगतो, नाहीतर वहिनी घरी गेल्यावर बोलतील. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही परळची भाड्याची खोली सोडून इथे आलो. मालकीची जागा, स्वतःची बाल्कनी. मी हप्ता, पास, मेंटेनन्स सगळं पैसा-पैसा मांडलं होतं. हिची परळच्या बालवाडीतली नोकरी मात्र मी त्या कागदावर घेतलीच नव्हती. पगार थोडा होता म्हणून. इथून ती जमणं शक्यच नव्हतं. सहा महिने तिने ओढलं आणि मग राजीनामा दिला. पुन्हा तशी नोकरी मिळाली नाही. घर माझ्या हिशेबाप्रमाणे फायद्यातच पडलं, आजची किंमत तुम्हाला ठाऊक आहे. पण तो कागद अपुरा होता.

जोडपं जूनमध्ये मुलुंडला गेलं. किल्ली द्यायला आली तेव्हा तो हिशेबाचा कागद हिने मागून घेतला. म्हणाली, "ह्यात पत्नीचा पगार पहिल्या ओळीत आहे. ठेवते." तो आता आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला आहे.