कोणाच्या हवाली?

(वायेत्से पाराशाच्या आठवड्यात, मंगळवारी संध्याकाळी आपल्या सिनेगॉगमध्ये दिलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून.)



या आठवड्याच्या पाराशात याकोब घर सोडून निघतो. निघताना त्याची आई रिवका त्याला सांगते की थोडे दिवस तिकडे राहा, मग मी तुला बोलावून घेईन. त्या थोड्या दिवसांची वीस वर्षे झाली. बाप इसहाक त्याला पुन्हा भेटला. रिवका भेटल्याचे तोरात कोठेही लिहिलेले नाही. लहानपणी मी हा भाग याकोबाच्या बाजूने ऐकत असे. आता रिवकेच्या बाजूनेही ऐकते, आणि दोन्ही बाजू मला एकाच वेळी ऐकू येतात, हीच माझी अडचण आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे की मी खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणाऱ्या प्रकल्पांवर अभियंता म्हणून काम करते. माझे घर बेअर शेवामध्ये आणि आईवडील दिमोनामध्ये, म्हणजे मोटारीने अर्ध्या तासावर. वडील चौऱ्याऐंशीचे, आई ऐंशीची. आईला चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. दोन वर्षांपूर्वी मला परदेशात तीन वर्षांसाठी एका मोठ्या प्रकल्पाचे प्रमुखपद देऊ केले गेले. माझे वय त्या वेळी बावन्न होते. अशी संधी त्या वयात दुसऱ्यांदा येत नाही, असे मला सांगण्यात आले आणि ते मला खरेही वाटले.

घरी सांगायला गेले तेव्हा मला वाटले होते की वडील गप्प बसतील. ते लगेच म्हणाले, "जा." मी म्हटले, "बाबा, आईचे काय?" ते जरा रागानेच म्हणाले, "तू आमच्यासाठी राहिलीस तर ते ओझे मी कुठे ठेवू? ते मला उचलायला लावू नकोस."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी पन्नास वर्षांत सांगितली नव्हती. ते 1971 साली इस्राएलला आले. माझी आजी अलिबागजवळच्या गावात राहिली; घर आणि नारळाची झाडे सोडून ती येईना. 1973 च्या युद्धाच्या दिवसांत ती वारली. कळवणारे पत्र बाबांच्या हाती पडले तेव्हा मृत्यूला तीस दिवसांहून अधिक झाले होते. आपल्या नियमाप्रमाणे इतक्या उशिरा बातमी कळली तर सात दिवसांची शिवा राहत नाही, एक तासच बसायचे असते. बाबांनी सदरा फाडला, तासभर खालच्या स्टुलावर बसले, आणि दुपारी कापडगिरणीत पाळीवर गेले. "एका तासात काय होते?" ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "पण मी आलो नसतो तर तू इंजिनिअर झाली नसतीस." ही दोन्ही वाक्ये त्यांनी एका दमात उच्चारली, आणि मला त्यांतले एकही खोडता आले नाही.

त्यानंतर मी काही दिवस असा प्रश्न विचारत होते की माझे कर्तव्य काय. या प्रश्नाने काहीच हाती लागत नाही. माणूस फक्त रात्री जागा राहतो. मला वाट सापडली ती एका जुन्या वादातून.

तलमुदातील किद्दुशिन या भागात राव आसी यांची कथा आहे. त्यांची वृद्ध आई आधी दागिने मागते, ते करून देतात. मग नवरा मागते, ते शोधू म्हणतात. मग तुझ्यासारखाच देखणा नवरा हवा म्हणते. तेव्हा ते तिला सोडून इस्राएलच्या भूमीत येतात. पुढे आई मागोमाग येते असे कळते, ते तिला सामोरे जायला निघतात, आणि इतक्यात तिची शवपेटी येत असल्याची खबर मिळते. रामबामने आईबापांच्या मानाविषयीचे नियम लिहिताना सांगितले की, आईबापांची बुद्धी भ्रमिष्ट झाली असेल तर मुलाने होईल तितके त्यांच्या कलाने घ्यावे. पण त्यांची अवस्था फार बिघडली आणि त्याला राहणे अशक्य झाले तर त्याने त्यांना सोडून जावे आणि त्यांची नीट काळजी घेण्यास इतरांना सांगावे. त्यावर राबाद हा टीकाकार तुटून पडतो. त्याचे म्हणणे असे की, हा निर्णय बरोबर नाही. मुलगाच निघून गेला तर तो सांगणार तरी कोणाला?

शतकानुशतके पंडितांनी या दोघांचा मेळ घालण्याचे प्रयत्न केले आहेत. मला स्वतःला राबादचा आक्षेप मनाई म्हणून ऐकू आला नाही, प्रश्न म्हणून ऐकू आला. कोणाला सांगणार? नाव काय? मी एक वही घेतली आणि आईसाठी आठवड्यात जे जे करावे लागते ते लिहिले. नऊ कामे झाली. प्रत्येकापुढे एका माणसाचे नाव लिहायचे, "कोणीतरी" लिहायचे नाही.

काही नावे सहज मिळाली. बिले, बँक, सरकारी कागद हे सर्व टोरोंटोमधला माझा भाऊ तिथून पाहू शकतो, आणि त्याला ते हवेच होते, कारण दूर राहून काहीच करता येत नाही या भावनेने तोही पोखरला गेला होता. आठवड्याच्या गोळ्यांची डबी भरण्याचे काम शेजारच्या निवृत्त परिचारिकेने घेतले. बितुआख लेउमीच्या सिउद भत्त्यासाठी मात्र आम्हाला दोनदा अर्ज करावा लागला, आणि चूक आमचीच होती. तपासणीस आलेल्या बाईंसमोर आईने स्वतः चहा केला आणि बाबांनी अभिमानाने सांगितले की ती सगळे स्वतःच करते. साहजिकच पायरी अगदी खालची मिळाली. दुसऱ्या वेळी मी हजर राहिले आणि नुसते खरे सांगितले: गॅस किती वेळा चालू राहतो, रात्री ती किती वेळा उठून दार उघडते. आपल्या माणसांना पाहुण्यांसमोर नीटनेटके दिसायची सवय आहे. त्या दिवशी तरी ती बाजूला ठेवावी. हेही ध्यानात असू द्या की सहा पायऱ्यांतील सर्वांत वरच्या पायरीलाही आठवड्याला सुमारे तीस तासांचीच मदत मिळते, आणि आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट असतात. म्हणून आम्ही परवाना काढून घरात राहणारी मेतापेलेत ठेवली. ती केरळची, मायाळू आणि कष्टाळू.

वहीत सात नावे भरली तेव्हा मी स्वतःची परीक्षा घेतली. कामानिमित्त तीन आठवड्यांचा दौरा होता. मी गेले आणि ठरवले की तेथून काहीही सांभाळायचे नाही, फक्त रोज सकाळी फोनवर पाहायचे. रोज सकाळी आई न्हालेली, वेणी घातलेली दिसे. बाबा म्हणत, सर्व ठीक. मेतापेलेत म्हणे, सर्व ठीक. कोणीही खोटे बोलत नव्हते.

परत आले आणि आईला उचलून खुर्चीत बसवताना हाताला काहीतरी वेगळे जाणवले. वजन केले. जाताना साडेबावन्न किलो होते, आता पन्नास. दोन दिवस मी नुसती बसून पाहत राहिले. मेतापेलेत आदराने हिब्रूमध्ये विचारी, भूक लागली आहे का? आई म्हणे, "लो." आणि ताट परत जाई. आईची हिब्रू जवळजवळ गेली आहे. या आजारात मागाहून शिकलेली भाषा बहुधा आधी जाते. तिच्याजवळ उरलेला तो एकच शब्द होता, आणि कशालाही उत्तर म्हणून ती तो देत होती. मेतापेलेतची भाषा मल्याळम, आईची मराठी. हिंदुस्थानातल्या दोन बायका दिमोनाच्या स्वयंपाकघरात एका हिब्रू नकारावर अडल्या होत्या.

उपाय साधा निघाला. मी मेतापेलेतला चार मराठी वाक्ये शिकवली, आणि चारांतले एकही प्रश्न नाही. "चला, जेवायला बसू." "हे घ्या." अशी. आणि तिने स्वतःचे ताट घेऊन आईसमोर बसायचे, कारण समोर कोणी जेवत असले की आईचा हात आपोआप घासाकडे जातो. दर रविवारी वजन करून भिंतीवरच्या कागदावर लिहायचे. दोन महिन्यांत वजन भरून आले. तेव्हापासून फोनवर मी "कसे आहे?" असे विचारतच नाही. आकडा विचारते, किती पोळ्या खाल्ल्या ते विचारते.

तरीही मी तीन वर्षांचे ते पद नाकारले. वहीत दोन ओळी रिकाम्या होत्या. एक, आई रुग्णालयात गेली तर रात्री तिच्याजवळ मराठी बोलणारे कोण बसेल? मागे एकदा ती दाखल झाली होती, तेव्हा मी दोन तास घरी गेले तेवढ्यात तिने सलाईनची सुई उपटून काढली होती. दुसरी ओळ बाबांची. नऊही कामे मी आईची लिहिली होती. बाबांचे कोण पाहते हा प्रश्न मला फार उशिरा सुचला. ती दहावी ओळ झाली, तिच्यापुढेही नाव नाही.

नकार कळवल्यावर बाबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझे म्हणाल तर मला त्यागाचे समाधान वगैरे काही वाटले नाही. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेला एक सहकारी त्या जागी गेला, आणि त्याने पाठवलेली बांधकामाची छायाचित्रे पाहताना मला मत्सर वाटे. एका शुक्रवारी आईने चौथ्यांदा तोच प्रश्न विचारला तेव्हा मी तिच्यावर ओरडले, आणि ओरडताना माझ्या मनात ती छायाचित्रे होती. हे मी इथे सांगते, कारण राहिलेल्या मुलामुलींना सगळे सोपे गेले असे निघून गेलेल्यांना वाटते. माझ्या भावालाही तसेच वाटत होते. मी त्याला हे सांगितले त्या दिवसापासून आमच्या फोनवरच्या बोलण्यातला ताण कमी झाला. आता तो वर्षातून दोनदा तीन-तीन आठवडे येतो आणि त्या काळात रात्रीची जबाबदारी त्याची असते.

या महिन्यात त्याच लोकांकडून पुन्हा विचारणा आली आहे. या वेळी एकच वर्ष, आणि दर सहा आठवड्यांनी दहा दिवस घरी. उत्तर हनुक्कापूर्वी द्यायचे आहे. वही बाबांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून सगळ्या ओळी वाचल्या आणि दहाव्या ओळीपुढे स्वतःच पेन्सिलने स्वतःचे नाव लिहिले. मी म्हटले, असे चालणार नाही, दुसऱ्या कोणाचे तरी हवे. ते म्हणाले, मग विचार सिनेगॉगमध्ये.

म्हणून मी आज विचारते आहे. रुग्णालयाच्या रात्रींसाठी मला मराठी बोलणाऱ्या तिघांची नावे हवी आहेत, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ बाबांबरोबर पत्ते खेळायला कोणीतरी हवे. ते हरले की चिडतात, हे आधीच सांगून ठेवते. वही मागच्या टेबलावर आहे.

शालोम.